अर्ध्यावर गेलेल्या रुग्णांचे काय करायचे? नैराश्याच्या चाचण्यांतील विश्लेषणाची निवड

इंग्लंडमध्ये 'बीट द ब्लूज' नावाच्या, संगणकाच्या साहाय्याने दिल्या जाणाऱ्या बोधनात्मक वर्तनोपचाराची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. त्या चाचणीतील १०० रुग्णांची माहिती आज संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांना अभ्यासासाठी खुली आहे. `R` वापरणाऱ्यांना ती `HSAUR3` या पॅकेजमध्ये `BtheB` या नावाने सापडते. प्रत्येक रुग्णाचे नैराश्य बेक यांच्या प्रश्नावलीने मोजलेले आहे. या प्रश्नावलीत ० ते ६३ गुण असतात आणि गुण जितके जास्त तितके नैराश्य तीव्र. उपचारापूर्वी सर्व १०० जणांची नोंद आहे. दुसऱ्या महिन्यात ९७, तिसऱ्या महिन्यात ७३, पाचव्या महिन्यात ५८ आणि आठव्या महिन्यात केवळ ५२ जणांची नोंद उरते. म्हणजे शेवटच्या भेटीपर्यंत जवळजवळ निम्मे लोक निघून गेलेले आहेत.

नैराश्यावरील चाचण्यांत अशी गळती अनेकदा दिसते आणि तिची कारणे बहुधा आजारातच असतात. ज्याला सकाळी अंथरुणातून उठणे जड जाते, त्याला दवाखान्यात जाऊन प्रश्नावली भरणेही जड जाते. कोणी बरे वाटू लागले म्हणून येत नाही, तर कोणी काहीच फरक पडत नाही म्हणून. त्यामुळे 'रिपीटेड-मेझर्स अनोव्हा वापरू की मिक्स्ड-इफेक्ट्स मॉडेल' हा प्रश्न पडतो तेव्हा निघून गेलेल्या माणसांविषयी आपण काय गृहीत धरायला तयार आहोत, हेच खरे तर ठरवायचे असते.

रिपीटेड-मेझर्स अनोव्हापासून सुरुवात करू. त्याच्या रूढ रूपात प्रत्येक रुग्णाची एक ओळ असते आणि प्रत्येक भेटीचा एक स्तंभ. ओळीतील एक जरी चौकट रिकामी असली, तरी बहुतेक सॉफ्टवेअर ती संपूर्ण ओळ काढून टाकते. 'बीट द ब्लूज'मध्ये उपचारानंतरच्या चारही नोंदी असलेले रुग्ण फार तर ५२ आहेत. म्हणजे अनोव्हापुढे जास्तीत जास्त २०८ मोजमापे येतात, हाती मात्र ९७, ७३, ५८ आणि ५२ मिळून २८० मोजमापे असतात. ज्याने तिसऱ्या आणि पाचव्या महिन्यातही प्रश्नावली भरली पण आठव्या महिन्यात तो आला नाही, त्याच्या तिन्ही नोंदी वाया जातात. माहिती वाया जाणे वाईटच, पण त्याहून गंभीर गोष्ट अशी की उरलेले ५२ जण हे सुरुवातीच्या १०० जणांचे खरे प्रतिनिधी आहेत, असे आपण न बोलता मान्य करून टाकतो. गळतीचा रुग्णाच्या आजाराशी काहीही संबंध नाही, जणू चिठ्ठ्या टाकूनच काही जण वगळले गेले, असे असेल तेव्हाच हे खात्रीने बरोबर ठरते. नैराश्याच्या बाबतीत मला ते जवळजवळ कधीच पटत नाही.

याचा परिणाम नेमका किती होतो, हे एका छोट्या उदाहरणावरून स्पष्ट होते. पुढील आकडे मी समजावण्यासाठी रचलेले आहेत, ते कोणत्याही चाचणीतील नाहीत. एका गटात दहा रुग्ण आहेत असे समजा. दुसऱ्या महिन्यात दहाही जण आले. त्यांतील सहा जण आठव्या महिन्यापर्यंत टिकले. त्यांचे दुसऱ्या महिन्यातील गुण ८, १०, १२, १४, १६ आणि १८ होते, म्हणजे सरासरी १३. आठव्या महिन्यात त्याच क्रमाने त्यांचे गुण ६, ९, १०, १०, १३ आणि १२ झाले, म्हणजे सरासरी १०. उरलेले चौघे दुसऱ्या महिन्यानंतर परत आलेच नाहीत. त्यांचे दुसऱ्या महिन्यातील गुण २२, २४, २६ आणि २८ होते, सरासरी २५. जे गेले ते टिकलेल्यांपेक्षा बरेच जास्त आजारी होते, हे आकड्यांकडे पाहताच कळते.

आता आठव्या महिन्यात या गटाची सरासरी किती? फक्त पूर्ण नोंदी घेणारी पद्धत सांगते, १०. ती चौघांना विसरून जाते आणि गट आहे त्याहून बरा असल्याचे दाखवते. दुसरी एक जुनी पद्धत म्हणजे रुग्णाची शेवटची नोंद तशीच पुढे ओढणे. नैराश्याच्या औषधांच्या चाचण्यांत ती अनेक वर्षे सर्रास वापरली गेली. तिच्याप्रमाणे चौघांचे गुण २२, २४, २६ आणि २८ वरच गोठतात आणि गटाची सरासरी १६ येते. ही पद्धत सावधगिरीची आहे असे पुष्कळदा म्हटले जाते, पण ते सरसकट खरे नाही. समजा, नियंत्रण गटातील लोक फरक पडत नाही म्हणून लवकर निघून गेले. त्यांचे सुरुवातीचे चढे गुण शेवटपर्यंत ओढले, तर नियंत्रण गट आहे त्याहून वाईट दिसतो आणि उपचाराला न कमावलेले श्रेय मिळते. शिवाय ओढून आणलेला आकडा प्रत्यक्ष मोजल्यासारखाच धरला जातो, म्हणून प्रमाण त्रुटीही खोटी लहान दिसते.

मिक्स्ड मॉडेल वेगळ्या वाटेने जाते. टिकलेल्या सहा जणांकडून ते दोन भेटींमधील नाते शिकते. वरच्या आकड्यांवरून प्रतिगमन रेषा काढली, तर तिचा उतार बरोबर ०.६ येतो. दुसऱ्या महिन्यात ज्याचे गुण एकाने जास्त, त्याचे आठव्या महिन्यातील गुण सरासरीने ०.६ने जास्त, असा त्याचा अर्थ. गेलेल्या चौघांची सरासरी टिकलेल्यांपेक्षा १२ने जास्त होती, म्हणून आठव्या महिन्यात ती १० अधिक ०.६ गुणिले १२, म्हणजे १७.२ अपेक्षित आहे. सहा जणांचे १० आणि चौघांचे १७.२ मिळून दहा जणांची सरासरी १२.८८ येते. दोनच भेटी असतील आणि भेटींमधील नात्यावर कोणतेही बंधन घातले नसेल, तर महत्तम संभाव्यतेच्या पद्धतीने मॉडेल नेमके हेच उत्तर देते. मॉडेल चौकटीत खोटे आकडे भरत नाही. चौघांच्या दुसऱ्या महिन्याच्या नोंदींतून आठव्या महिन्याविषयी जेवढे कळू शकते तेवढेच ते वापरते, आणि माहिती कमी पडली आहे हे लक्षात ठेवून प्रमाण त्रुटीही त्या प्रमाणात मोठी ठेवते.

तर एकाच गटाची तीन उत्तरे आली: १०, १६ आणि १२.८८. तिसरे उत्तर बरोबर ठरण्यासाठीही एक अट आहे. डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ साली ती काटेकोर शब्दांत मांडली. साध्या भाषेत ती अशी: माणूस राहिला की गेला, हे त्याच्या आधी नोंदलेल्या गुणांवर अवलंबून असले तर चालेल, पण ते नोंदलेले गुण विचारात घेतल्यावर, न नोंदलेल्या गुणांशी त्याच्या जाण्याचा वेगळा संबंध नसावा. दुसऱ्या महिन्यात २४ गुण असलेले दोघे असतील, तर त्यांच्यातील जो गेला तो राहिलेल्यासारखाच पुढे वागला असता, असे आपण धरतो. ही अट अनोव्हाच्या चिठ्ठ्या टाकण्याच्या अटीपेक्षा बरीच सैल आहे आणि नैराश्याच्या बाबतीत अधिक पटण्याजोगी आहे. मात्र वरच्या उदाहरणात एक अडचण आहे आणि ती लपवणे बरे नव्हे. टिकलेल्यांचे गुण ८ ते १८ होते आणि गेलेल्यांचे २२ ते २८, त्यामुळे रेषा जिथे एकही साक्षीदार नाही तिथपर्यंत लांबवावी लागली. खऱ्या माहितीत दोन्ही प्रकारच्या रुग्णांचे गुण एकमेकांत किती मिसळलेले आहेत, हे आधी आलेख काढून पाहावे. प्रत्येक भेटीसाठी, पुढच्या भेटीला आलेल्यांचे आणि न आलेल्यांचे गुण दोन वेगळ्या खुणांनी दाखवले तरी पुरते.

येथे नावांचा एक घोटाळा सोडवायला हवा, कारण त्यात पुष्कळ जण अडकतात. औषधांच्या चाचण्यांत जी पद्धत आज नेहमीची झाली आहे तिला `MMRM` म्हणतात, म्हणजे पुनरावृत्त मोजमापांसाठीचे मिक्स्ड मॉडेल. 'मिक्स्ड' आणि 'रिपीटेड मेझर्स' हे दोन्ही शब्द तिच्या नावातच आहेत, म्हणून ही दोन परस्परविरोधी घराणी नव्हेत. सर्व नोंदी पूर्ण असतील आणि मॉडेलमध्ये प्रत्येक रुग्णाला फक्त स्वतःची एक कायमची पातळी दिली असेल, तर मिक्स्ड मॉडेल आणि अनोव्हा यांचे उत्तर सर्वसाधारणपणे एकच येते. अनोव्हा हा त्या मोठ्या कुटुंबातील एक खास, कडक अटींचा सदस्य आहे. चौकटी रिकाम्या राहू लागल्या की दोघांच्या वाटा वेगळ्या होतात.

म्हणून 'मी मिक्स्ड मॉडेल वापरले' एवढ्याने काम संपत नाही. कोणते वापरले, हे सांगावे लागते. समजा, मॉडेलमध्ये प्रत्येक रुग्णाला फक्त स्वतःची पातळी दिली. तसे केले की कोणत्याही दोन भेटींमधील सहसंबंध एकच असल्याचे आपोआप मानले जाते. 'बीट द ब्लूज'च्या माहितीवर असे मॉडेल बसवले, तर रुग्णारुग्णांतील प्रचरण सुमारे ४९ आणि उरलेले प्रचरण सुमारे २५ येते, म्हणजे सहसंबंध सुमारे ०.६६. दुसरा आणि तिसरा महिना यांच्यातही ०.६६, आणि दुसरा व आठवा महिना यांच्यातही ०.६६. प्रत्यक्षात माणसाचे या महिन्यातील मन पुढच्या महिन्याशी जितके जुळते, तितके सहा महिन्यांनंतरच्या मनाशी जुळत नाही.

नोंदी पूर्ण असतात तेव्हा ही चूक सरासऱ्यांना बाधत नाही, फक्त प्रमाण त्रुटी आणि कसोट्या बिघडतात. गळती असते तेव्हा मात्र ती सरासरीतच शिरते, कारण गेलेल्यांच्या जुन्या गुणांवरून पुढे किती जायचे, हे तोच सहसंबंध ठरवतो. आपल्या दहा रुग्णांकडे परत जा. माहिती ०.६ सांगत असताना मॉडेलच्या बंधनामुळे उतार ०.९ धरला गेला असता, तर दहा जणांची सरासरी १२.८८ऐवजी १४.३२ आली असती. रुग्ण तेच, नोंदी त्याच, फक्त भेटींमधील नात्याविषयीची समजूत बदलली. अनोव्हा सोडून मिक्स्ड मॉडेलकडे वळलेले लोक नेमक्या याच ठिकाणी चुकतात, असे मी वारंवार पाहिले आहे, आणि या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला हीच वाटते.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे भेटींमधील प्रचरण आणि सहसंबंध मोकळे सोडणे, त्यांवर कोणताही साचा न लादणे. चार भेटी असतील तर असे १० आकडे माहितीतून काढावे लागतात, आणि ९७ रुग्णांमधून ते निघू शकतात. वेळही सरळ रेषेत न धरता प्रत्येक भेट स्वतंत्र मानतात, कारण नैराश्याचे गुण पहिल्या काही आठवड्यांत झपाट्याने उतरतात आणि मग संथ होतात. त्या वक्रावर सरळ रेषा बसवली की शेवटच्या भेटीतील फरक चुकतो. `R`मध्ये माहिती लांब रूपात, म्हणजे प्रत्येक भेटीची एक ओळ अशी मांडली, की मॉडेल असे लिहिता येते:

```r
library(mmrm)
library(emmeans)
fit <- mmrm(
  bdi ~ bdi.pre * visit + treatment * visit + us(visit | subject),
  data = btb_long, method = "Kenward-Roger"
)
pairs(emmeans(fit, ~ treatment | visit))
```

`us` म्हणजे साचा न लादलेली रचना. `visit` आणि `subject` हे दोन्ही स्तंभ `factor` प्रकारचे असावे लागतात. `Kenward-Roger` ही लहान नमुन्यांसाठी प्रमाण त्रुटी आणि मुक्तीमात्रा दुरुस्त करणारी पद्धत आहे, आणि रुग्ण थोडे असताना ती टाळू नये. शेवटची ओळ प्रत्येक भेटीला दोन गटांतील फरक देते. चाचणीच्या आराखड्यात आठव्या महिन्यातील फरक मुख्य ठरवला असेल, तर तेवढाच मुख्य म्हणून वाचावा.

आठ-दहा भेटी असल्या की साचा न लादलेले मॉडेल कधी कधी उत्तरापर्यंत पोहोचतच नाही. दहा भेटींसाठी असे ५५ आकडे काढावे लागतात. अशा वेळी साधी रचना घ्यावी लागते, उदाहरणार्थ भेटींमधील अंतर वाढले की सहसंबंध घटतो असे मानणारी. मात्र कोणत्या क्रमाने कोणती रचना वापरून पाहायची, हे निकाल पाहण्याआधी लिहून ठेवावे. नाही तर आवडते उत्तर देणारी रचना निवडण्याचा मोह होतो आणि वाचकाला ते कधीच कळत नाही.

रुग्णागणिक वेगळा उतार देणारे मॉडेल केव्हा घ्यावे? भेटी ठरलेल्या दिवशी न होता कोणाची पाचव्या आठवड्यात, कोणाची नवव्या आठवड्यात अशा विखुरलेल्या असतील, किंवा दर महिन्याला किती सुधारणा होते हाच मूळ प्रश्न असेल, तेव्हा ते सोयीचे पडते. तेथे काळाची वक्रता मात्र वेगळी हाताळावी लागते. आणि अनोव्हा? सर्व भेटी एकाच वेळापत्रकावर झाल्या आहेत आणि एकही चौकट रिकामी नाही, अशा प्रयोगशाळेतील अभ्यासाला तो पुरेसा असतो. नैराश्याच्या लांब चाललेल्या चाचणीत तो मुख्य विश्लेषण म्हणून मी स्वीकारणार नाही.

दुसऱ्याचा निबंध वाचतानाही यातील बऱ्याच गोष्टी तपासता येतात. मॉडेलच्या निकालात निरीक्षणांची आणि रुग्णांची संख्या दिलेली असते. 'बीट द ब्लूज'मध्ये ती २८० आणि ९७ असायला हवी. तेथे २०८ आणि ५२ दिसले, तर मॉडेलचे नाव काहीही असो, अपूर्ण ओळी आधीच कोणीतरी काढून टाकल्या आहेत. माहिती रुंद रूपातून लांब रूपात नेण्याआधी अपूर्ण ओळी गाळल्या गेल्या की हेच होते, आणि ही चूक कोणत्याही इशाऱ्याशिवाय निसटते. ९७ कशामुळे, १०० का नाही, असेही कोणी विचारील. तीन जणांची उपचारानंतर एकही नोंद नाही आणि सुरुवातीचे गुण या मॉडेलमध्ये पूर्वमाहिती म्हणून घेतले जातात, म्हणून ते तिघे मोजणीत येत नाहीत. सुरुवातीचे गुणही परिणामातील पहिली भेट म्हणून घेतले, तर तेही आत राहतात.

या माहितीवर प्रत्येक रुग्णाला फक्त स्वतःची पातळी देणारे, सुरुवातीचे गुण, औषध आणि आजाराचा कालावधी विचारात घेणारे साधे मॉडेल बसवले, तर संगणकीय उपचाराच्या गटाचे गुण सुमारे २.३ने कमी आणि प्रमाण त्रुटी सुमारे १.७ येते. म्हणजे फरक साडेपाच गुणांच्या फायद्यापासून एका गुणाच्या तोट्यापर्यंत कुठेही असू शकतो. जवळजवळ निम्मे रुग्ण गेल्यावर इतकी अनिश्चितता उरणारच, आणि कोणतेही मॉडेल ती नाहीशी करू शकत नाही.

शिवाय रुबिन यांची अट पाळली गेली की नाही, हे हाती असलेल्या माहितीवरून सिद्ध करता येत नाही, कारण जे तपासायचे ते गुण नोंदलेलेच नाहीत. दुसऱ्या महिन्यात १५ गुणांवर असलेला माणूस चौथ्या महिन्यात पुन्हा खचला आणि त्यामुळेच यायचा थांबला, तर मॉडेलला त्याचे १५च दिसतात. म्हणून मुख्य विश्लेषणानंतर एक कठोर प्रश्न विचारावा लागतो: गेलेले लोक मॉडेलच्या अंदाजापेक्षा किती वाईट असते, तर आपला निष्कर्ष टिकला नसता? आपल्या दहा जणांत चौघे गेले आहेत. ते प्रत्येकी ५ गुणांनी अधिक आजारी निघाले असते, तर सरासरी १२.८८वरून १४.८८ झाली असती. हाच आकडा उपचाराच्या गटात टप्प्याटप्प्याने वाढवत नेऊन निष्कर्ष कुठे कोसळतो, ते शोधतात. तो १ गुणावरच कोसळत असेल, तर निष्कर्ष ठिसूळ आहे. १२ गुणांपर्यंत टिकत असेल, तर गेलेले लोक सरासरीने इतके वाईट असणे शक्य आहे का, हे नैराश्याचे रुग्ण रोज पाहणाऱ्या डॉक्टरांना विचारावे, कारण त्याचे उत्तर संख्याशास्त्राकडे नाही.

आणखी एक भेद विश्लेषणापूर्वीच करायला हवा. उपचार सोडणे आणि चाचणीतून पूर्णपणे निघून जाणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. गोळ्या बंद केलेल्या माणसाचेही गुण फोनवर किंवा घरी जाऊन मोजता येतात. औषध-चाचण्यांसाठीच्या २०१९च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात हा फरक स्पष्ट केलेला आहे. उपचार कोणी मध्येच सोडला तरी तो देऊ करण्याचा परिणाम काय, हा प्रश्न असेल, तर गोळ्या सोडल्यानंतरच्या नोंदीही हव्यात. `MMRM`मध्ये त्या नोंदी वगळल्या, तर सर्वांनी उपचार चालू ठेवला असता तर काय झाले असते, या दुसऱ्याच, काल्पनिक प्रश्नाचे उत्तर मिळते. दोन्ही प्रश्न विचारण्याजोगे आहेत, पण कोणता विचारला हे आराखड्यात लिहिलेले असावे.

गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्यासाठी प्रशिक्षित समुपदेशकांनी दिलेल्या अल्पकालीन उपचाराची चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात ४९५ रुग्ण होते आणि तीन महिन्यांनंतर दहापैकी नऊहून अधिक जणांचे मोजमाप झाले होते. गळती एवढी कमी असते तेव्हा १०, १६ आणि १२.८८ यांच्यातील अंतर बहुधा गुणाच्या अंशावर येते, आणि मॉडेलच्या निवडीवरचा भार तेवढा हलका होतो.